वाट पाहण्याला आठवण असते का?

"इतका वेळ थांबलो, आता येईलच!" हे वाक्य आपल्याकडे बसस्टँडवरही ऐकू येतं आणि पाणवठ्यावरच्या मचाणावरही. माझं मत असं की, दोन्हीकडे ते सारखंच खरं नसतं आणि वाट पाहण्याची गणितं शिकवताना हा फरक आपण आधी शिकवला पाहिजे. पुस्तकी गणित सरासरी देतं, सूत्र वापरायला सांगतं. सूत्र इथे लागू आहे का, हे मात्र विचारत नाही.

एसटीचं बघा. समजा, गाडी बरोबर दर 60 मिनिटांनी सुटते आणि आपण वेळ न बघता स्टँडवर गेलो. सरासरी 30 मिनिटं थांबावं लागेल. पण 40 मिनिटं होऊन गेली असतील, तर आता जास्तीत जास्त 20 मिनिटं उरली. इथे थांबलेला वेळ कामी येतो.

आता ताडोबाकडे वळू. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावर येणाऱ्या प्राण्यांची नोंद करतात. समजा, प्राणी कधीही येऊ शकतो आणि सरासरी 40 मिनिटं वाट पाहावी लागते. मग t मिनिटांत कोणीच न येण्याची शक्यता अशी:

P(T > t) = e^(−t/40)

यालाच घातांकी वितरण म्हणतात. पहिली 20 मिनिटं रिकामी जाण्याची शक्यता e^(−0.5), म्हणजे सुमारे 0.61. आता समजा, 60 मिनिटं रिकामी गेली. पुढची 20 मिनिटंही रिकामी जाण्याची शक्यता किती? 80 मिनिटांची शक्यता भागिले 60 मिनिटांची: 0.135 ÷ 0.223, पुन्हा 0.61! सरासरी वाटही अजून 40 मिनिटंच उरते. तासभर बसलो, पण त्या तासाचं काही खात्यात जमा झालं नाही. हाच स्मृतिहीन गुणधर्म.

अर्थात, याला अट आहे: येण्याचा दर सारखा राहायला हवा. रात्र चढली, वारा फिरला किंवा चितळांचा कळप एकदमच आला, तर हे गणित बिघडतं. ते ओळखायचं कसं? बऱ्याच वेळा वाट पाहून मिनिटं लिहून ठेवा. ज्या वेळी 40 मिनिटांपेक्षा जास्त थांबावं लागलं, त्यांची पुढची सरासरी काढा. ती सुरुवातीच्या सरासरीएवढीच आली तर वाट स्मृतिहीन. बरीच कमी आली तर ती एसटीसारखी.

चंद्रपूर-गडचिरोलीत हा प्रश्न मार्कांपुरता नाही. मे महिन्यात आपल्या मुलांचे आईवडील तेंदूपाने तोडायला जंगलात जातात. "दहा दिवस काही झालं नाही, आता कायची भीती?" असं म्हणतात. रोजचा धोका तेवढाच असेल, तर अकरावा दिवस पहिल्या दिवसाइतकाच धोक्याचा. आधीचे सुखरूप दिवस धोका कमी करत नाहीत. धोका बदलतो तो ताजे पगमार्क दिसले, झाडी दाट असली, अंधार असला की. सोबतीनं जाणं, आवाज करणं अकराव्या दिवशीही तेवढंच गरजेचं.

म्हणून सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी मुलांना एवढंच विचारा: ही वाट एसटीची की पाणवठ्याची?