‘काम पाहिले’ म्हणजे ‘मॅनेज्ड’ नव्हे!

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये सुरू झाली. वाशीम जिल्ह्यातल्या आपल्यापैकी अनेकांनी सरकारी कार्यालयांत सहा महिने काम केलं. शेवटी हाती आलं मराठी प्रमाणपत्र आणि कार्यमुक्तीचा आदेश. परदेशात नोकरी शोधायची तर या दोन्हींचं इंग्रजी करावं लागतं, आणि गडबड होते ती तिथेच.

माझ्या एका मैत्रिणीचंच बघा. तिच्या प्रमाणपत्रात होतं, ‘प्रशिक्षणार्थी म्हणून आस्थापना शाखेत आवक-जावक नोंदवहीचे काम पाहिले.’ भाषांतर करणाऱ्याने लिहिलं, ‘मॅनेज्ड द एस्टॅब्लिशमेंट ब्रँच’. झालं! टपाल नोंदवणारी मुलगी थेट शाखाप्रमुख झाली. परदेशी वाचकाला तर ‘एस्टॅब्लिशमेंट’ म्हणजे एखादं दुकान किंवा हॉटेलच वाटेल. आस्थापना शाखा कर्मचाऱ्यांच्या नेमणुका, रजा, बदल्या बघते, म्हणून तिथे ‘पर्सोनेल सेक्शन’ हवं. आवक-जावक म्हणजे ‘इनकमिंग अँड आउटगोइंग कॉरस्पॉन्डन्स’. हुद्दा ‘ट्रेनी’, आणि क्रियापद साधं ‘मेन्टेन्ड द रजिस्टर’. विद्यावेतनाला ‘सॅलरी’ नाही, ‘स्टायपेंड’ म्हणायचं.

आता तारखा बघा. ०५/०९/२०२४ ते ०४/०३/२०२५ हे आपल्या हिशेबाने बरोबर सहा महिने. पण अमेरिकेत महिना आधी लिहितात. तिथला माणूस हेच ९ मे ते ३ एप्रिल असं वाचेल, म्हणजे जवळजवळ अकरा महिने! म्हणून महिन्याचं नाव अक्षरांतच लिहा.

आदेशात ‘०४/०३/२०२५ रोजी मध्यान्हनंतर कार्यमुक्त’ असंही होतं. त्याचं नुसतं ‘आफ्टरनून’ केलं तर अर्ध्या दिवसात घरी पाठवल्यासारखं वाटतं. कार्यालयीन भाषेत त्याचा अर्थ तो पूर्ण दिवस कामाचा धरून सुटका, म्हणजे ‘अॅट द क्लोज ऑफ वर्क’. आणि कार्यमुक्तला ‘रिलीव्ह्ड’च म्हणा. ‘टर्मिनेटेड’ वाचलं की काढून टाकलं असाच समज होतो.

कुणी म्हणेल, थोडं वाढवून लिहिलं तर बिघडलं काय? बिघडतं. पडताळणी करणारी कंपनी कार्यालयालाच विचारते, ‘यांचं पद काय होतं?’ उत्तर येतं, ‘प्रशिक्षणार्थी.’ मग खरे सहा महिनेही संशयात सापडतात. मूळ कागदात नसलेलं काम भाषांतरात घालता येत नाही. ते खरंच केलं असेल तर सीव्हीत लिहा, नाहीतर कार्यालयाकडून कामाचा तपशील असलेलं पत्र मागा. कार्यमुक्त होण्याआधीच मागितलं तर बरं, कारण साहेबांची बदली झाली की तुमचं काम बघितलेलं माणूसच तिथे उरत नाही.

भाषांतराखाली ते पूर्ण आणि अचूक असल्याचं निवेदन, भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख आणि संपर्क घ्या. सही करण्याआधी एकेक ओळ मूळ मराठीशी लावून स्वतः वाचा. काम तुम्ही केलंय, त्यामुळे चूक आधी तुम्हालाच दिसेल.