पदपथ का खचला, याचे लेखी उत्तर हवे

संपादक महोदय,


आमच्या प्रभागात शाळेच्या फाटकापासून बसथांब्यापर्यंतचा पदपथ गेले दोन पावसाळे खचलेला आहे. अंतर जेमतेम साठ-सत्तर मीटर. रहिवाशांनी महापालिकेच्या ॲपवर तक्रारी केल्या, क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्जही दिले. तक्रार केली की माणसे येतात, दुरुस्ती होते, तक्रार निकाली निघते आणि पहिल्या मोठ्या पावसात ब्लॉक पुन्हा खाली जातात. त्यामुळे ‘पदपथ दुरुस्त करा’ ही मागणी आता पुरेशी राहिलेली नाही. झालेली दुरुस्ती टिकत का नाही आणि त्याला जबाबदार कोण, हे जाहीरपणे विचारण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आधी जागेवर काय दिसते ते सांगतो. पदपथ सव्वादोन मीटर रुंद आहे. तो सगळा खचलेला नाही. रस्त्याच्या कडेच्या दगडापासून साधारण मीटरभर आत, दोन फूट रुंदीचा एक सरळ पट्टा शाळेपासून थांब्यापर्यंत खाली गेला आहे. दोन्ही बाजूंचे ब्लॉक मूळ पातळीला आहेत. पट्ट्यातले ब्लॉक काही ठिकाणी दोन इंच खाली आहेत, काही सुटून हलतात. पाऊस पडून गेल्यावर त्यावर पाय ठेवला की ब्लॉकची दुसरी बाजू वर येते आणि सांध्यातून गढूळ पाणी उडते. वाटेतल्या चेंबरचे झाकण मात्र जागेवर राहिले आहे. भोवतालचे ब्लॉक खचल्याने त्याची लोखंडी कड बोटभर वर आली आहे आणि शाळेतली मुले तिलाच अडखळतात.

पेव्हर ब्लॉक कुठे आणि कसे खचले, यावरून कारण बरेचसे ओळखता येते. वाहने चढवून पदपथ बसला असेल, तर नुकसान कडेला आणि फाटकासमोर दिसते, कडेचे दगडही बाहेर कलतात. जलवाहिनी किंवा गटार गळत असेल, तर खालची वाळू वाहून जाऊन एका जागी खळगा पडतो. इथे यातले काहीच नाही. सरळ रेषेत, एकसारख्या रुंदीचा पट्टा बसतो तो खाली चर असेल तर. इथे केबलसाठी चर खोदला गेला होता, हे सगळ्या रहिवाशांनी पाहिले आहे. तो नीट दाबून भरला गेला नसावा, असा याचा सरळ अर्थ निघतो.

चर भरताना माती एकदम लोटून चालत नाही. सुमारे सहा-सहा इंचांचे थर देऊन प्रत्येक थर पाणी मारून धुमसावा लागतो. त्यावर खडीचा थर दाबून घ्यायचा, मग इंच-दीड इंच वाळू, मग ब्लॉक आणि शेवटी सांध्यांत बारीक वाळू भरून वरून कंप देणारे यंत्र फिरवायचे. आमच्याकडे होणाऱ्या दुरुस्तीत कामगार ब्लॉक उचलतात, खळग्यात वाळू टाकतात आणि ब्लॉक परत बसवतात. वरून पदपथ सपाट दिसतो, पण खालची भुसभुशीत माती तशीच राहते. पाणी मुरले की ती बसते आणि तिच्यासोबत वाळू व ब्लॉकही बसतात. हा कामगारांचा दोष नाही. त्यांना जेवढे काम सांगितले जाते तेवढे ते करतात. खालचा भराव उकरून पुन्हा भरण्याचे काम कुणी काढलेच नाही, ही अडचण आहे.

का काढले नाही, हे विचारले की दोन उत्तरे मिळतात. पदपथ बांधणारा ठेकेदार निविदेत ठरलेल्या मुदतीपर्यंत दोष दुरुस्त करायला बांधील असतो, पण नंतर दुसऱ्याने खोदलेल्या चराची जबाबदारी तो घेत नाही. त्याचे म्हणणे रास्त आहे. केबल टाकणारे म्हणतात, खोदाईची परवानगी घेताना पुनर्भरणाचे शुल्क आम्ही भरले. तेही खरे असेल, तर चर पूर्ववत करण्याचे पैसे आधीच जमा झालेले आहेत आणि निधी नसल्याचे कारण इथे लागू होत नाही. मग ते काम कुणी केले? किती लांबीचे, किती खोलीचे? हे मोजमाप पुस्तिकेत लिहिलेले असले पाहिजे, कारण त्या नोंदीशिवाय देयक मंजूर होत नाही.

आता पुराव्याविषयी. तक्रार निकाली काढताना ॲपवर जे छायाचित्र लावले जाते, त्यात फक्त ताजी वाळू पसरलेले ब्लॉक दिसतात. जागा कोणती, आधीची स्थिती काय, काहीच कळत नाही. दुरुस्तीच्या दिवशी प्रत्येक पदपथ चांगलाच दिसतो. आमच्या छायाचित्रांत दिव्याच्या खांबाचा क्रमांक आणि खळग्यावर आडवी धरलेली पट्टी आहे, शिवाय तीच जागा दुरुस्तीनंतर आणि पावसानंतरही टिपलेली आहे. ती संपादकांकडे देत आहे. आमचा पुरावाही अपुरा आहे, हे मान्य करतो. जमिनीखाली काय भरले आहे ते छायाचित्रात येत नाही. त्यासाठी दोन-तीन ठिकाणी ब्लॉक काढून फूट-दोन फूट खोल तपासले पाहिजे. हे अर्ध्या दिवसाचे काम आहे आणि त्यात आमचा अंदाज चुकीचा ठरला, तर खरे कारण तरी हाती येईल.

शहरात याहून मोठे खड्डे असताना एवढ्याशा पदपथासाठी पत्र कशाला, असे काही वाचक म्हणतील. या थांब्यावर उतरणारे ज्येष्ठ नागरिक हलत्या ब्लॉकना घाबरून रस्त्यावरून चालतात आणि बस त्यांच्या खांद्याजवळून जाते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या सूचनांनुसार पदपथावर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. मधला पट्टा खचल्याने आमच्या पदपथाचे दोन अरुंद तुकडे झाले आहेत आणि चाकाची खुर्ची कोणत्याच तुकड्यावरून धड जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे की, पदपथ वापरता येणे हा राज्यघटनेच्या कलम २१ खालील हक्क आहे आणि ते पदपथ अपंगांनाही वापरता आले पाहिजेत.

माहिती अधिकारात अर्ज करून नोंदी मागता येतात, कामाची पाहणीही करता येते, आणि तो अर्ज आम्ही करत आहोत. पण ते उत्तर एका अर्जदाराच्या हाती पडते. हा पदपथ रोज शेकडो लोक वापरतात, म्हणून उत्तर इथे छापून यावे. ‘दखल घेतली आहे, लवकरच कार्यवाही होईल’ एवढे लिहून येणार असेल, तर ते उत्तर आम्ही धरणार नाही. चर कुणाच्या परवानगीने आणि केव्हा खोदला गेला, पुनर्भरणाचे किती पैसे जमा झाले, भराव कुणी केला आणि मोजमाप कोणत्या अभियंत्याने नोंदवले, हे कागदासह सांगावे. भराव तपासायला महापालिका कधी येणार ती तारीखही द्यावी. त्या दिवशी आम्ही रहिवासी तिथे हजर राहू.

आपला,
प्रभागातील एक रहिवासी