मरणाचं कार्ड निघालं तर तोंड सांभाळा

हे वाचून माझ्याच धंद्यातले काही जण चिडतील. चिडू द्या. अकरा वर्षं मी नांदेडला टॅरो बघते, महिन्यातून दोन शनिवार लातूरला बसते. कार्डांवर पोट भरणारी बाई आहे मी, म्हणून हे मीच बोललं पाहिजे. कार्ड बघून कुणाला “मरण दिसतंय” किंवा “मोठा आजार दिसतोय” म्हणणं हा गुन्हा आहे. कायद्यात असो नसो, माझ्या लेखी आहे.

मागच्या उन्हाळ्यात लातूरला एक बाई आल्या, पंचेचाळिशीच्या. सोबत नणंद. खुर्चीत बसल्या आणि पहिलं वाक्य काय? “ताई, मला किती दिवस हायेत तेवढं सांगा, म्हणजे पोरीचं लग्न उरकून घेते.”

दिवाळीच्या सुमारास त्यांच्या छातीत गाठ लागली होती. दवाखान्यात जायच्या आधी त्यांनी फोनवर एका टॅरोवाल्याला विचारलं. त्यानं तीन कार्डं काढली. त्यात एक डेथ आणि एक टेन ऑफ स्वॉर्ड्स, म्हणजे पाठीत दहा तलवारी घुसलेला पालथा माणूस. तो म्हणाला, “वर्ष निघणं कठीण आहे, शांती करून घ्या.” शांतीचे अकरा हजार घेतले. बाईंनी काय हिशोब केला माहितीये? “मरायचंच हाय तर दवाखान्यात पैसा कशाला घालू? पोरीला राहील.” आणि पाच महिने गाठ तशीच अंगावर काढली.

मी कार्डं पिशवीत ठेवली. नणंदेला म्हणलं, सोमवारी सकाळी ह्यांना सरकारी दवाखान्यात सर्जरीच्या ओपीडीत घेऊन जा, कुठलाही उपास-तापास मध्ये आणू नका. तपासण्या झाल्या, सुईनं गाठीतला तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमो झाले. बाई आज आहेत, पोरीच्या लग्नात स्वतः अक्षता टाकल्या. पण गाठ पाच महिन्यांत वाढली होती, आणि त्यामुळं उपचारही वाढले.

आता कुणीतरी म्हणणारच, “म्हणजे कार्ड खरं बोललं की!” अजिबात नाही. छातीत गाठ आहे हे बाईंनीच त्याला आधी सांगितलं होतं. खरं बोलली ती गाठ. कार्ड काढलं नसतं तरी ती तिथंच होती.

आणि थोडं गणित करा ना. डेकमध्ये ७८ कार्डं. सेल्टिक क्रॉसमध्ये आपण दहा मांडतो. म्हणजे दर आठ जणांत साधारण एकाला डेथ निघणारच. बरं, नुसतं डेथ नाही, टॉवर आणि तलवारींची तिर्री, नव्वी, दश्शी अशी घाबरवणारी पाच कार्डं धरा. दहा कार्डांत त्यातलं एक तरी येण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त आहे. ह्या कार्डांवरून मरण किंवा आजार सांगायचा म्हणलं तर दर दुसऱ्या माणसाला सांगावा लागेल. माझ्याकडं महिन्याला चाळीसेक लोक येतात. म्हणजे महिन्याला पाचेक जणांना डेथ निघतं. तसं असतं तर माझ्या दारात लग्नाच्या पत्रिका कमी आणि तेराव्याच्या जास्त आल्या असत्या.

ही चित्रं तरी कुठून आली? आपण वापरतो तो रायडर-वेट डेक १९०९ साली लंडनमध्ये निघाला, चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईंनी काढली. डेथच्या चित्रात सांगाडा घोड्यावर आहे, पण मागं दोन बुरुजांच्या मध्ये सूर्यही आहे. त्याचा अर्थ “एक गोष्ट संपली, दुसरी सुरू” असाच लावत आलेत. आणि त्याच्याही आधी, पंधराव्या शतकात इटलीत, ही पत्ते खेळायची कार्डं होती. खेळायच्या पत्त्यावरून तुम्ही माणसाचं आयुष्य मोजायलात!

पण नुसतं वाईट बोलणारेच चुकतात असं नाही. ही चूक मीही केली आहे. सुरुवातीच्या वर्षात एका पोरानं वडिलांबद्दल विचारलं. त्यांना जिना चढताना दम लागत होता. सन निघालं. मी हसून म्हणलं, “काही नाही होत, मस्त आहेत काका.” पोरगा निर्धास्त झाला. तीन आठवड्यांनी काकांना हार्ट अटॅक आला. वाचले, पण माझ्या त्या “काही नाही होत” मुळं तीन आठवडे कुणी ईसीजी काढला नाही. तेव्हा कळलं की “मरण दिसतंय” आणि “काही नाही होत” ही एकच चूक आहे. दोन्हीत आपण डॉक्टरच्या खुर्चीत बसतो.

मग बोलायचं काय? मी बोलते ते सांगते.

कार्डं पिसायच्या आधीच सांगते, “आजार आणि मरण यातून कळत नाही. तो प्रश्न मी घेत नाही.” “सासू कधी जाणार” असं विचारणारेही येतात, त्यांनाही हेच उत्तर.

तरी डेथ निघालंच आणि समोरच्याचा चेहरा उतरला, तर कार्ड झाकत नाही. झाकलं की माणूस जास्त घाबरतो. म्हणते, “सांगाडा बघून भीती वाटली ना? हे कुणाच्या मरणाचं कार्ड नाही. पण घाबरताना मनात कोण आलं?” दहातल्या सात-आठ वेळा तिथंच खरी गोष्ट बाहेर येते. आईची शुगर, नवऱ्याचं पिणं, स्वतःची गाठ.

शरीराची तक्रार निघाली की रीडिंग बंद. किती दिवसांपासून आहे, कुणाला दाखवलं, एवढंच विचारते. मग कागदावर लिहून देते: कुठला दवाखाना, कुठला वार, सोबत कोण. छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, बोलताना जीभ अडखळणं असं असेल तर थेट १०८. त्या दिवशीची फी घेत नाही. भीती विकून पैसे घ्यायचे नाहीत, हा माझा नियम.

डॉक्टरांनी आधीच हात टेकले असतील तर मी आशाही विकत नाही. “कुणाशी काय बोलायचं राहिलंय?” एवढंच विचारते. आणि समोरचा माणूस स्वतःच जगण्याला कंटाळलाय असं वाटलं, तर त्याच्यासमोर १४४१६ लावते. टेली-मानसचा हा नंबर फुकट आहे.

२०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं ज्योतिष्यांचा सल्ला बाहेर ठेवलाय, म्हणून आपल्यातले काही जण निवांत आहेत. पण मंत्र-ताईतानं कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करणं १९५४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, हे स्टेटसला “रोगनिवारण शांती” टाकणाऱ्यांनी वाचून ठेवावं.

आणि तुम्ही, जे आमच्याकडं येता, तुम्हाला एकच सांगणं. कुणी कार्ड बघून मरणाची तारीख दिली तर पैसे न देता उठा. तिथून सरळ ओपीडीची चिठ्ठी काढायला जा. ती चिठ्ठी आमच्या फीपेक्षा लई स्वस्त पडते.