पास किती झाले यापेक्षा बदलले किती ते पाहा

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, कृतिसंशोधनाच्या अहवालात आपण सर्रास एक वाक्य वाचतो: "उपक्रमाआधी ४० पैकी १६ मुलांना हातच्याची वजाबाकी येत होती, नंतर २४ मुलांना येऊ लागली." वाचून बरं वाटतं. पण माझं स्पष्ट मत आहे की एवढ्यावरून उपक्रम यशस्वी म्हणू नये.

का ते बघा. समजा, असे दोन वर्ग आहेत. पहिल्या वर्गात ९ मुलं नव्याने शिकली आणि १ मूल जे येत होतं ते चुकलं. दुसऱ्या वर्गात २० मुलं शिकली, पण १२ चुकली. दोन्हीकडे १६ चे २४ च झाले! बेरीज सारखी, गोष्ट वेगळी.

अशा वेळी मॅकनेमार चाचणी कामी येते. क्विन मॅकनेमार या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ती १९४७ मध्ये मांडली. ज्यांना आधीही येत होतं नि नंतरही येतं, किंवा दोन्ही वेळा आलं नाही, ती मुलं ती बाजूला ठेवते. बदल कोणत्या दिशेला झाला हे ती मुलं सांगतच नाहीत. हिशेब फक्त बदललेल्यांचा.

उपक्रमाचा काहीच परिणाम नसेल, तर बदलणारं मूल पुढे जाण्याची नि मागे येण्याची शक्यता सारखीच, म्हणजे नाणेफेकच. पहिल्या वर्गात १० नाणी उडवली असं समजा. छापा-काट्याचे एकूण १०२४ प्रकार होतात. त्यांत ९-१ किंवा १०-० इतकी एकतर्फी विभागणी, कोणत्याही बाजूने, फक्त २२ प्रकारांत येते. म्हणजे शंभरात साधारण २ वेळा. नेहमीची मर्यादा शंभरात ५ ची, म्हणून हा बदल नुसता योगायोग वाटत नाही.

बदललेली मुलं २५ च्या वर असतील तर सोपी रीत आहे. दुसऱ्या वर्गात फरक २० वजा १२, म्हणजे ८. त्याचा वर्ग ६४. त्याला बदललेल्या ३२ ने भागलं की २. हे उत्तर ३.८४ च्या वर जायला हवं होतं. गेलं नाही, म्हणजे इथे योगायोग नाकारता येत नाही.

यासाठी पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणीचे निकाल हजेरी क्रमांकानुसार जोडून ठेवावे लागतात. नुसत्या बेरजेवरून हे नंतर काढता येत नाही. एका चाचणीला गैरहजर असलेलं मूल हिशेबात धरता येत नाही.

आणि एक लक्षात ठेवा. चाचणी 'बदल खरा दिसतो' एवढंच म्हणते, तो आपल्या उपक्रमामुळेच झाला असं नाही. महिनाभरात मुलं घरी, शिकवणीतही शिकतातच. त्यासाठी उपक्रम न घेतलेला वर्ग शेजारी लागतो.

म्हणून अहवालात एका बेरजेऐवजी चार आकडे द्या: येत होतं-येतं, नव्हतं-येतं, येत होतं-चुकलं, नव्हतं-नाहीच. पालकांनीही तेच विचारावं. त्या चुकलेल्या १२ मुलांची नावं तरी समोर येतील.