तिचा प्रश्न आणि आपल्या पानांची नावे

मुस्लिम समाजात काम करणाऱ्या छोट्या संस्थांच्या वेबसाइट मी अधूनमधून पाहत असतो. काही वेळा कार्यकर्ते दुरुस्तीसाठी बोलावतात, काही वेळा मी स्वतःहून पाहतो. या वेबसाइटवर मजकुराची कमतरता सहसा नसते. पोटगी, मेहर, खुला, मुलांचा ताबा यांवर अनुभवी माणसांनी लिहिलेले असते, बऱ्याचदा वकिलांनी तपासलेलेही असते. कमतरता असते ती नावांची. ज्या बाईला रात्री मोबाइलवर एक प्रश्न विचारायचा आहे, तिच्या प्रश्नाचे शब्द आपल्या पानांच्या नावांत, मथळ्यांत आणि दुव्यांत कुठेच नसतात. म्हणून उत्तर लिहिलेले असूनही ते तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

हे काम ‘साइट बनवणाऱ्या मुलाचे’ आहे, असे आपण समजतो. माझ्या मते ते कार्यकर्त्यांचे आणि संपादकांचे काम आहे. साइट बनवणाऱ्याला कोड येतो, पण सल्ला केंद्रात आलेली बाई पहिले वाक्य कोणते बोलते हे त्याला माहीत नसते. ते तुम्हाला माहीत असते.

एक उदाहरण घेऊ. १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की घटस्फोटित मुस्लिम स्त्रीही फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मागू शकते. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेपासून त्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली होती आणि तिच्यात हीच तरतूद कलम १४४ मध्ये आहे. एका संस्थेने यावर चांगले पान लिहिले. निकाल काय, अर्ज कुठे करायचा, कोणती कागदपत्रे लागतात, सगळे सोप्या मराठीत होते. पण पानाच्या कोडमध्ये त्याचे नाव असे होते:

```html
<title>मुख्यपृष्ठ | संस्थेचे नाव</title>
```

हेच नाव साइटच्या प्रत्येक पानाला होते, कारण साचा एकदा बनवला आणि नंतर कोणी बदलला नाही. `<title>` मध्ये जे लिहितो ते पानावर दिसत नाही. ते ब्राउझरच्या टॅबवर दिसते, आणि शोधाच्या निकालांत ज्या ठळक ओळीवर आपण बोट ठेवतो ती ओळ गूगल बहुधा त्यातूनच घेते. पान कशाबद्दल आहे याची ती सर्वांत स्पष्ट खूण असते. सगळ्या पानांची नावे एकच असतील तर ती खूण नाहीशी होते. मग गूगल पानावरच्या मथळ्यावरून किंवा इतरांनी दिलेल्या दुव्यांच्या शब्दांवरून स्वतःच एखादे नाव लावते. ते बरोबर निघेलच असे नाही.

या पानावर तर मथळ्याचाही आधार नव्हता. ‘न्यायाच्या वाटेवर’ असा सुंदर मथळा होता, पण तो पोस्टरच्या चित्रात रंगवलेला. माणसाला तो वाचता येतो, पण पानाचा मजकूर वाचणाऱ्या यंत्राला तिथे फक्त एक चित्र दिसते. शिवाय ‘न्याय’ आणि ‘वाट’ हे शब्द पोटगीच्या प्रश्नात कोणी टाइप करत नाही. आम्ही बदल केला तो एवढाच:

```html
<title>तलाकनंतर मुस्लिम स्त्रीला पोटगी मिळते का? | संस्थेचे नाव</title>
<h1>तलाकनंतर मुस्लिम स्त्रीला पोटगी मिळते का?</h1>
<h2>२०२४ च्या निकालात काय म्हटले आहे</h2>
<h2>पोटगीचा अर्ज कोणत्या न्यायालयात करायचा</h2>
<h2>अर्जासोबत कोणती कागदपत्रे लागतात</h2>
```

पानाचे मुख्य काम आधी आणि संस्थेचे नाव शेवटी. मोबाइलवर लांब नाव मध्येच कापले जाते, म्हणून महत्त्वाचे शब्द पुढे हवेत. पोटमथळे हे त्या बाईच्या पुढच्या प्रश्नांच्या क्रमाने आहेत. तिला आधी हक्क आहे का ते हवे, मग कुठे जायचे, मग काय घेऊन जायचे. अक्षर मोठे आणि ठळक केले म्हणजे मथळा झाला, असे यंत्र मानत नाही. संपादकाच्या पडद्यावर ‘शीर्षक १’, ‘शीर्षक २’ असे जे पर्याय असतात ते वापरावे लागतात. त्याचा आणखी एक लाभ असा की दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडर याच मथळ्यांवरून पानात उड्या मारत जातो.

इथे एका कार्यकर्त्याने हरकत घेतली, आणि ती हरकत मला या सगळ्या विषयात सर्वांत महत्त्वाची वाटते. तो म्हणाला, “आपल्या मथळ्यात ‘तलाक’ हा शब्द नको. टीव्हीवाले दिवसभर तोच शब्द वाजवतात. आपणही तेच केले तर समाजाची बदनामी होते. आपण ‘कौटुंबिक प्रश्न’ असे लिहू या.” या म्हणण्यामागची व्यथा खरी आहे. पण परिणाम पाहा. ज्या बाईला तलाक दिला गेला आहे ती ‘कौटुंबिक प्रश्न’ असे शोधत नाही, ती ‘तलाक’ असेच शोधते. आपण तो शब्द टाळला की तो शब्द शोधणारी प्रत्येक बाई दुसऱ्या कोणाच्या तरी दारात जाते. एका बाजूला समाजावर दात असणारे, दुसऱ्या बाजूला ‘कोर्टात जाऊ नकोस, गुनाह होईल’ असे सांगणारे. मधली जागा आपण लाजेखातर रिकामी ठेवतो. २०१९ च्या कायद्याने तत्काळ तीन तलाक अवैध ठरवला आणि तो गुन्हाही केला. पण त्याच कायद्यात स्त्रीला निर्वाहभत्ता मागण्याचा आणि अल्पवयीन मुलांचा ताबा मागण्याचा हक्क आहे, हे किती जणींना ठाऊक आहे? ज्या पानावर हे लिहिले आहे त्याला त्याच शब्दांचे नाव दिले नाही, तर तो हक्क कागदावरच राहतो.

हमीद दलवाईंनी १९६६ मध्ये सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत नेला, तेव्हा मागणी आडवळणाने मांडली नव्हती. मथळ्यात स्पष्ट शब्द वापरणे हे त्याच सरळपणाचे छोटे रूप आहे, असे मी मानतो.

आता दुवे. त्याच साइटवर या पानाकडे नेणारे दुवे ‘येथे क्लिक करा’ आणि ‘अधिक वाचा’ असे होते. गूगलच्या दोन संस्थापकांनी १९९८ मध्ये आपल्या शोधयंत्राबद्दल जो प्रबंध लिहिला त्यातच ही गोष्ट आहे: दुव्यातले शब्द ज्या पानाकडे बोट दाखवतात त्या पानाशीही जोडले जातात. म्हणजे दुवा हा एका पानाने दुसऱ्याबद्दल दिलेला शब्द असतो. ‘येथे क्लिक करा’ हा शब्द कशाबद्दलच काही सांगत नाही. त्याऐवजी असे लिहावे:

```html
<a href="/potgi-arj">पोटगीचा अर्ज कुठे आणि कसा करावा</a>
```

वाक्यातलेच चार शब्द दुव्यात घ्यावेत, अख्खा परिच्छेद नको. आणि मैत्रीतल्या संस्थांनी एकमेकींचे दुवे देताना नुसते संस्थेचे नाव न देता पानाचा विषय लिहावा. याला एक पैसाही लागत नाही, आणि लहान साइटला बाहेरून मिळणारी ही सर्वांत मोलाची मदत असते.

मराठी साइटचे दोन दोष मला वारंवार दिसतात. पहिला म्हणजे जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या पीडीएफ फाइली. श्रीलिपी किंवा कृतिदेवमधला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आत रोमन अक्षरे आणि चिन्हेच असतात. तपासायची रीत सोपी आहे. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून मोबाइलच्या मेसेजमध्ये चिकटवा. तिथे अगम्य अक्षरे उमटली तर यंत्रही तेच वाचते आहे, आणि तो मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा आणल्याशिवाय सापडणार नाही. दुसरा दोष द्विभाषिक साइटचा. मराठी आणि इंग्रजी मजकूर एकाच पानावर वरखाली ठेवतात आणि पानाचे नाव फक्त इंग्रजीत असते. पानाची भाषा गूगल दिसणाऱ्या मजकुरावरून ठरवते. दोन भाषांची दोन वेगळी पाने करावीत, प्रत्येकाचे नाव त्याच भाषेत द्यावे, आणि एकमेकांकडे जाणारा दुवा ठेवावा.

बदल झाला की नाही हे कसे कळते? गूगलमध्ये `site:` लिहून त्यापुढे जागा न सोडता आपल्या साइटचा पत्ता टाइप करा. आपली जी पाने गूगलकडे आहेत त्यांतली बरीचशी त्यांच्या नावांसह दिसतील. पाच पानांची नावे सारखीच दिसली तर दोष कुठे आहे ते लगेच समजते. ही यादी पूर्ण असेल असे मात्र धरू नये. नेमके पाहायचे असेल तर गूगलचे Search Console मोफत आहे. लोक कोणते शब्द टाइप केल्यावर आपले पान त्यांना दिसले, आणि त्यातून किती जण आत आले, हे तिथे कळते. मला ही यादी सल्ला केंद्राच्या नोंदवहीसारखी वाटते. ‘पोटगी किती मिळते’ या शब्दांवर पान दिसत असेल आणि पानात त्याबद्दल ओळच नसेल, तर पुढचे लेखन काय करायचे ते तिथेच ठरते.

या कामाला मर्यादा आहेत. नाव बदलले की गूगल पान पुन्हा वाचेपर्यंत काही दिवस जातात, कधी काही आठवडे. मोठ्या वृत्तपत्रांची आणि कायदाविषयक साइटची पाने नुसत्या मथळ्याने मागे पडत नाहीत. ‘पोटगी पोटगी पोटगी’ असे एकच शब्द कोंबलेले नाव उपयोगाचे नाही आणि वाचणाऱ्याला फसवे वाटते. आणि नाव प्रश्न विचारत असेल तर उत्तर पानाच्या पहिल्या दोन वाक्यांत हवे. ते नसेल तर ती बाई परत फिरेल, आणि पुन्हा येणार नाही.

म्हणून संपादक मंडळाला माझी सूचना एवढीच आहे. पुढच्या बैठकीत सल्ला केंद्रात काम करणाऱ्या ताईंना बोलवा. मागच्या महिन्यात आलेल्या बायकांचे पहिले वाक्य काय होते ते त्यांना विचारा, जसे बोलले तसे लिहून घ्या. मग साइटवरचे कोणते पान त्या वाक्याचे उत्तर आहे ते शोधा, आणि त्या पानाला त्या वाक्याचे नाव द्या. ज्या वाक्याला पानच सापडणार नाही, ते पान आधी लिहायला घ्या.