अंथरुणावर पडूनही झोप का येत नाही?

लातूर-नांदेडकडची पुष्कळ पोरे दिवसभर रानात राबून रात्री पोलीस भरतीसाठी धावतात. समजा, तुमच्या पोराने साडेनऊपर्यंत 1600 मीटरचा जोराचा सराव केला, आल्यावर चार भाकरी नि झणझणीत रस्सा खाल्ला, वर चिवडा-चहा घेतला आणि साडेदहाला आडवा झाला. मग तो बारापर्यंत कूस बदलत राहिला, तर दोष कशाचा?

अंग गरम नि काळीज धडधडत असेल, तर पळण्याचा. झोप लागायला अंग थोडे निवावे लागते. संध्याकाळी पळणे वाईट नाही, पण ते झोपेच्या दोन तास आधी संपवावे.

छातीत जळजळ, घशाशी आंबट पाणी असेल, तर जेवणाचा. भरल्या पोटी आडवे झाले की हे होते, तिखट-तेलकटाने जास्तच. जेवण नि झोप यांत दोन-तीन तास हवेत.

अंग थकलेले पण डोळे टक्क उघडे असतील, तर चहाचा. त्याचा अंमल पाच-सहा तासांनीही पुरता उतरत नाही. तळलेला चिवडाही पोटाला कामाला लावतो. मात्र उपाशीपोटीही झोप येत नाही. खरी भूक असेल, तर अर्धी भाकरी दुधात कुस्करून द्या.

तेव्हा सहाला पळणे, साडेसातला जेवण, मग चहा नाही, साडेदहाला झोप, असे आठवडाभर करून पाहा. तरीही जळजळ थांबेना, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.