ताट वेगळं केलं, पण हवा?



घरात कुणाला फ्लू झाला की आपण आधी त्याचं ताट-तांब्या वेगळं करतो. रात्री मात्र सगळे त्याच खोलीत, खिडक्या लावून झोपतो. माझ्या मते हे उलटं आहे. फ्लू मुख्यतः खोकल्या-शिंकांतून आणि कोंदट खोलीतल्या हवेतून पसरतो. भांडी साबणानं नीट घासली की ती सगळ्यांनी वापरायला हरकत नाही. आजाऱ्याचं उष्टं खाणं, त्याच्याच तांब्याला तोंड लावणं आणि त्याचा टॉवेल वापरणं तेवढं टाळावं.

मागच्या पावसाळ्यात मला सोमवारी संध्याकाळी ताप भरला. आमचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीला खिडकी आणि दार, म्हणून माझी खाट तिथं खिडकीपाशी टाकली. म्हातारी आई, बायको आणि मुलं आत झोपली. जेवण उंबऱ्याजवळ ठेवायचे, ते मागे सरले की मी उचलायचो. मोरी एकच, म्हणून मी सगळ्यांच्या शेवटी जायचो. आई जवळ आली की मास्क मी लावायचो, कारण खोकला माझा होता. मास्क ओला झाला की बदलायचा, आणि तो नाकाखाली आला तर लावून न लावल्यासारखाच.

तरी बुधवारी धाकट्याला ताप आलाच. रविवारी रात्री तो माझ्याच कुशीत झोपला होता. ताप दिसायच्या एक दिवस आधीपासून फ्लू पसरू शकतो, हे मला डॉक्टरांनी नंतर सांगितलं. म्हणजे वेगळं राहून सगळंच टळत नाही. पण आई वाचली.

बाहेर कधी यायचं? गोळी घेऊन ताप उतरला तर तो धरायचा नाही. मी शेवटची पॅरासिटामॉल गुरुवारी सकाळी घेतली. शुक्रवारी दुपारपर्यंत ताप नव्हता, तेव्हा घरात मिसळलो. पुढचे पाच दिवस मास्क मात्र ठेवला.

मंडळीतले लोक प्रार्थनेला आले, तेव्हा मी त्यांना उंबऱ्याबाहेरच थांबवलं. काहींना राग आला. पण मार्च २०२० मध्ये कोरोनाचा देशातला पहिला मृत्यू आपल्या कलबुर्गीत नोंदला गेला, तेव्हा दाराबाहेरून केलेली प्रार्थना आपण सगळ्यांनी अनुभवली आहे. तीच रीत फ्लूलाही चालावी.

एक मात्र खरं, म्हातारी माणसं, गरोदर बाया, लहान लेकरं आणि दम्याचे किंवा साखरेचे रोगी यांना ताप आला तर घरी वाट बघू नये. फ्लूचं औषध पहिल्या दोन दिवसांत जास्त लागू पडतं. धाप लागली, किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर कुणीही थांबू नये.

— एक वाचक, बसवकल्याण